अंतरपाट सरतो आणि चेहरा वितळतो: २५ फ्रेमच्या क्लिपचा स्लो मोशन कुठे टिकतो, कुठे फसतो

तक्रार दर लग्नसराईत तीच येते. टीझर बनतोय, क्लिप सेकंदाला २५ फ्रेमने शूट झाली आहे आणि घरच्यांना अंतरपाटाचा क्षण सावकाश हवाय. एडिटर क्लिपचा वेग अर्धा करतो, मधल्या फ्रेम बनवणारा ऑप्टिकल फ्लो लावतो, रेंडर करतो. चेहरे सुंदर दिसतात, पण अंतरपाट खाली येताना नवरीची हनुवटी कापडाच्या कडेला चिकटून खाली ताणली जाते. मुंडावळ्या हलल्या की गालही त्यांच्याबरोबर हलतो. अक्षता कुठे गायब होतात, कुठे अळ्यांसारख्या वळवळतात. मग सेटिंग बदलून बघायचं, पुन्हा रेंडर, पुन्हा तेच.

नाशिकला गंगापूर रोडच्या लॉन्सवरची लग्नं एडिट करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या टाइमलाइनवर ही क्लिप येते, म्हणून हीच एक क्लिप धरून सांगतो. सॉफ्टवेअर कुठलंही असो, दोष त्याच जागी येतो, कारण तो सेटिंगमधला नसतो. जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते बनवायला आपण सांगतोय, त्यातला हा दोष आहे. काय बनवता येतं आणि काय नाही हे कळलं की रेंडर न करताही क्लिप बघून सांगता येतं की ही टिकेल की नाही.

आधी हे तपासा: क्लिप खरोखर २५ फ्रेमची आहे का

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. स्लो केल्यावर चित्र वितळत नसेल, पण ठरावीक अंतराने अडखळत असेल (चाललं, थांबलं, चाललं), तर फ्लोचा काही दोष नाही. फुटेजमध्ये एकच फ्रेम दोनदा आली आहे.

असं कसं होतं? शूट २५ ने झालं, कुणीतरी ते ३० च्या टाइमलाइनवर टाकून एक्सपोर्ट केलं आणि ती फाइल तुमच्याकडे आली. २५ च्या ३० करायला दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम पुन्हा दाखवली जाते. साध्या वेगात ते कुणाला जाणवत नाही. अर्धा वेग केलात की फ्लोला दोन सारख्या फ्रेम मिळतात, त्यांच्यामध्ये हालचाल शून्य, म्हणून चित्र तिथे थबकतं. बाण दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. सहा फ्रेममध्ये एकदा चित्र हललंच नाही तर दुखणं हेच. जास्तीची फ्रेम काढायला एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "decimate=cycle=6" -c:v libx264 -crf 14 -an out.mp4
```

ही कमांड दर सहा फ्रेममधली सर्वांत सारखी दिसणारी एक गाळते आणि ३० ची क्लिप पुन्हा २५ ची होते. आवाज यात जातो, पण स्लो क्लिपला तो तसाही वापरत नाही.

मोबाइलच्या क्लिपची गोष्ट वेगळी. फोन बऱ्याचदा फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही. उजेड कमी झाला की वेग उतरतो, वाढला की चढतो. हे असं बघा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate in.mp4
```

दोन आकडे स्पष्ट वेगळे आले तर वेग बदलता असण्याची शक्यता मोठी आहे. मग आधी स्थिर वेगाची फाइल बनवून घ्या आणि पुढचं काम तिच्यावर करा. `-vf fps=30` ने ते होतं. जिथे फोनने फ्रेम टिपलीच नाही तिथे यातही एखादी दुहेरी फ्रेम राहते. तो तुकडा टाळून दुसरीकडून कापा.

आणि क्लिप खरोखर ३० ची असेल, टाइमलाइन २५ ची असेल, तर थोडा स्लो मोशन फुकट मिळतो. रिझॉल्व्हच्या Clip Attributes मध्ये Video Frame Rate ३० ऐवजी २५ करा. टिपलेली प्रत्येक फ्रेम जशीच्या तशी दिसते, नवी एकही बनत नाही आणि वेग ८३ टक्क्यांवर येतो. मान वळवणं, हसणं, पदर सावरणं यांना तेवढं कित्येकदा पुरतं. मी तर आधी हे करून क्लायंटला दाखवतो. बऱ्याचदा तिथेच ‘हां, असंच हवं होतं’ असं उत्तर येतं.

अर्ध्या वेगात नक्की काय घडतं

२५ ची क्लिप २५ च्या टाइमलाइनवर ५० टक्के वेगाने टाकली की एक फ्रेम खरी, एक बनवलेली, एक खरी, एक बनवलेली अशी रांग लागते. बनवलेली फ्रेम बरोबर मधल्या क्षणाची असते. दोष आला तरी तो एकच फ्रेम टिकतो आणि पुढच्या खऱ्या फ्रेमवर चित्र जागेवर येतं.

आता कुणी म्हणतं, ‘दादा, अजून थोडं सावकाश कर’, आणि आपण ४० टक्के करतो. हिशेब करून बघा. टाइमलाइनची पहिली फ्रेम मूळ क्लिपच्या ० वर, दुसरी ०.४ वर, मग ०.८, १.२, १.६ आणि २. पाचातली एकच फ्रेम खरी. मूळ क्लिपची १ नंबरची फ्रेम तर कधी दिसतच नाही. ५० वरून ४० वर येणं ऐकायला थोडं वाटतं, पण खऱ्या फ्रेम निम्म्यावरून पंचमांशावर येतात. ६० टक्क्यांचंही तसंच: ०, ०.६, १.२, १.८, २.४, ३. म्हणजे ६० टक्के हा ५० पेक्षा सौम्य, असं धरून चालू नका. बनावट लपवायची असेल तर ५० हा सगळ्यात सोयीचा आकडा आहे. मी २५ फ्रेमच्या क्लिपवर त्याखाली जात नाही. एकच अपवाद, फ्रेममध्ये जवळपास काहीच हलत नसलं तर.

मधली फ्रेम बनवायच्या तीन रीती रिझॉल्व्हच्या Retime Process मध्ये दिसतात. Nearest नवीन काही बनवत नाही, जवळची खरी फ्रेमच पुन्हा दाखवतो. Frame Blend दोन शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळतो, म्हणून हलणारी वस्तू दोन फिकट जागी दिसते. Optical Flow पहिल्या फ्रेममधला प्रत्येक ठिपका दुसऱ्या फ्रेममध्ये कुठे गेला ते शोधतो आणि त्याला अर्ध्या वाटेवर नेऊन ठेवतो. प्रीमियरमध्ये याच तीन गोष्टी Frame Sampling, Frame Blending आणि Optical Flow या नावांनी आहेत. तिथे फ्लो लावलेली क्लिप रेंडर केल्याशिवाय खरी दिसत नाही. नुसता प्रीव्ह्यू बघून ‘काही फरकच पडला नाही’ म्हणू नका.

फ्लो तीन गोष्टी गृहीत धरतो: ठिपका दोन्ही फ्रेममध्ये आहे, त्याचा उजेड बदललेला नाही आणि तो सरळ रेषेत गेला आहे. अंतरपाटाच्या शॉटमध्ये या तिन्ही मोडतात.

अंतरपाट: मागचं उघडं पडतं तेव्हा

‘सावधान’ म्हणताच अंतरपाट साधारण अर्ध्या सेकंदात खाली ओढला जातो. म्हणजे जेमतेम १२ फ्रेम. १९२० बाय १०८० च्या चित्रात कापडाची वरची कड तेवढ्यात ७०० पिक्सेल उतरली तर दर फ्रेमला ती सुमारे ६० पिक्सेल सरकते. त्या ६० पिक्सेलच्या पट्टीत पहिल्या फ्रेमला कापड होतं, दुसऱ्या फ्रेमला नवरीचा ओठ आहे. तो ओठ पहिल्या फ्रेममध्ये नव्हताच, मग फ्लो त्याची जोडी शोधणार कुठे? जोडी न सापडलेल्या ठिपक्याला तो शेजारच्यांची चाल देतो, आणि शेजारी कापड वेगाने खाली जातंय. म्हणून ओठ आणि हनुवटी रबरासारखी खाली ताणली जाते आणि पुढच्या खऱ्या फ्रेमला उडी मारून जागेवर येते.

इथे Motion Estimation हे Standard Faster वरून Enhanced Better वर नेलं तर कड थोडी स्वच्छ होते. पैसे भरून घेतलेल्या स्टुडिओ आवृत्तीतला Speed Warp आणखी बरा निघतो. तो लावून बघायला हरकत नाही, रेंडरला वेळ जातो एवढंच. पण झाकलेला ओठ मधल्या क्षणी नक्की किती उघडा होता हे कुठल्याच रीतीला माहीत नसतं. ती अंदाज करते, आणि चेहऱ्यावरचा अंदाज चुकला तर माणसाला तो लगेच खटकतो. मांडवाच्या झालरीवर तेवढीच चूक झाली तर कुणी बघतसुद्धा नाही.

द्राक्षबागेतल्या प्री-वेडिंगला हेच दुखणं वेगळ्या रूपात येतं. गिंबल घेऊन ओळीला समांतर चालत शॉट घेतलेला असतो, पुढे मांडवाचे खांब, मागे जोडपं. खांब एकासारखा एक आणि ठरावीक अंतरावर. फ्लो या खांबाची जोडी पुढच्या खांबाशी लावतो, खांब मधूनच वाकतो, आणि खांबामागून बाहेर येणारा माणूस काठाला चिरल्यासारखा होतो. तिथे स्लो करूच नये असं माझं मत आहे. शॉट मुळात सावकाश चालून घेतलेला असतो, शंभर टक्के वेगातच तो छान दिसतो.

अक्षता: वस्तू छोटी, उडी मोठी

दूरच्या शॉटमध्ये तांदळाचा दाणा तीन-चार पिक्सेलचा असतो आणि एका फ्रेममध्ये तो सहज ४० पिक्सेल जातो. म्हणजे स्वतःच्या आकाराच्या दहापट. शिवाय सगळे दाणे सारखेच दिसतात. फ्लो शोध घेताना आधी चित्र लहान करून मोठी चाल पकडतो, मग मोठ्या चित्रावर ती बारीक करत नेतो. लहान केलेल्या चित्रात दाणा उरतच नाही, तिथे मागची भिंत किंवा शालूच दिसतो. म्हणून दाण्याला मागच्या गोष्टीची चाल मिळते. तो मधल्या फ्रेममध्ये जागच्या जागी विरतो, किंवा भलत्या दाण्याशी जोडला जाऊन वळवळतो. दाणा चेहऱ्यासमोरून गेला तर उलटंही होतं. गालाच्या छोट्या तुकड्याला दाण्याची चाल मिळते आणि गाल खड्डा पडल्यासारखा हलतो.

माझा ठोकताळा असा: वस्तू एका फ्रेममध्ये स्वतःच्या आकारापेक्षा जास्त सरकत असेल तर फ्लोवर विसंबायचं नाही. मोजायला काही साधन लागत नाही. दोन लागोपाठच्या फ्रेम पुढे-मागे करून बघा. आधीच्या फ्रेममधली वस्तू आणि आत्ताची वस्तू एकमेकींवर थोड्या तरी येतात का? येत असतील तर बहुधा जमेल.

फ्लॅश आणि माळा

उजेडाचं गृहीतक मोडायला फोटोग्राफरचा फ्लॅश पुरेसा असतो. अंतरपाट सरला की चार-पाच फ्लॅश एकदम उडतात. एका फ्रेममध्ये चित्र, कधी अर्धंच चित्र, पांढरं होतं आणि फ्लोला आजूबाजूच्या फ्रेमशी त्याची जोडीच लागत नाही. मग फ्लॅशच्या आधी आणि नंतर चेहरा विरघळतो. उपाय सोपा आहे. रिटाइम केलेली क्लिप फ्लॅशच्या दोन फ्रेम आधी आणि दोन फ्रेम नंतर कापा, मधल्या तुकड्याला Nearest लावा. पांढरी फ्रेम दोन फ्रेम टिकते, बघणाऱ्याला तो साधा फ्लॅश वाटतो.

मागे लुकलुकणाऱ्या माळा असतील तर त्यांच्या आसपास चित्र पाण्यासारखं हलतं. त्यावर एकच करता येतं. तो भाग मास्कने वेगळा करून त्याला Frame Blend द्यायचा. तो मास्क कसा लावायचा ते पुढे येतंच.

ही क्लिप मी अशी सोडवतो

क्लिप २५ फ्रेमची, शटर १/५०, कॅमेरा स्टँडवर. पूर्ण क्षण चार सेकंदांचा: दोन सेकंद अंतरपाटामागे उभं राहणं, अर्धा सेकंद कापड सरणं, दीड सेकंद दोघांनी एकमेकांना बघणं. मागणी असते ‘अंतरपाट स्लोमध्ये’ अशी. पण नीट विचारलं तर लोकांना कापड स्लोमध्ये नको असतं, नजर हवी असते. म्हणून कापड सरण्याच्या १२ फ्रेम मी शंभर टक्क्यांवरच ठेवतो. कापड झर्रकन जातं आणि त्यानंतर वेळ थांबल्यासारखी वाटते. सगळंच सावकाश केलं तर हा परिणामही जातो आणि हनुवटीही ताणली जाते.

नंतरचा दीड सेकंद ५० टक्क्यांवर नेला की तीन सेकंद मिळतात. इथे पुष्कळजण स्पीड रॅम्प लावून १०० वरून ५० वर हळूहळू उतरतात, आणि एक अडचण नकळत ओढवून घेतात. रॅम्पमध्ये वेग सतत बदलत असल्यामुळे तो संपताना मूळ क्लिपची जागा ३७.२ किंवा ४१.७ अशी कुठेतरी अधली-मधली येते. तिथून पुढे दर फ्रेमला अर्धा मिळवत गेलं तर ३७.२, ३७.७, ३८.२, ३८.७. पूर्ण आकडा येतच नाही. म्हणजे अख्ख्या तीन सेकंदांत एकही खरी फ्रेम नाही. चेहरे सतत किंचित मऊ दिसतात आणि कारण कळत नाही.

म्हणून मी रॅम्प टाळतो. कापडाची कड फ्रेमबाहेर गेल्यावर, किंवा चेहऱ्यांच्या खाली पुरेशी उतरल्यावर, क्लिप कापतो आणि पुढच्या तुकड्याला सरळ ५० टक्के लावतो. तुकडा खऱ्या फ्रेमवर सुरू होतो, म्हणून एकाआड एक खरी फ्रेम मिळते. वेगाची उडी खटकत असेल तर मध्ये अक्षता टाकणाऱ्या हातांचा किंवा मामांच्या चेहऱ्याचा एक सेकंदाचा शॉट टाकतो. तो शंभर टक्क्यांवरच असतो.

आता अक्षता. ५० टक्क्यांचा तुकडा दोन थरांत ठेवतो. खालच्या थराला Frame Blend, वरच्याला Optical Flow, दोन्हींची सुरुवात एकाच फ्रेमवर आणि वेग अगदी सारखा. वरच्या थरात दोघांच्या डोक्याभोवती आणि खांद्यांपर्यंत मास्क. रिझॉल्व्हमध्ये Color पानावर Power Window काढून नोडच्या मोकळ्या जागेवर Add Alpha Output करावं लागतं आणि नोडचा निळा ठिपका त्याला जोडावा लागतो. प्रीमियरमध्ये Opacity खालचा मास्क चालतो. कड चांगली मऊ ठेवा. मास्कची कड हलणाऱ्या गोष्टीवरून न्यायची नाही. हातातले हार हलतात, म्हणून ती हारांच्या वरून, शेल्याच्या स्थिर भागावरून न्या.

याने काय होतं? चेहऱ्यांच्या बाहेरचे सगळे दाणे मिसळलेल्या फ्रेममध्ये दोन फिकट रेघा म्हणून दिसतात. १/५० शटरमुळे दाण्याची मुळातच रेघ झालेली असते. दोन रेघा एकापुढे एक आल्या तर डोळ्याला तो दाण्यांचा वर्षावच वाटतो. चेहरे मात्र फ्लोमुळे एकसंध राहतात.

उरले ते चेहऱ्यासमोरून जाणारे दाणे आणि मुंडावळ्या. तुकडा एकेक फ्रेम सरकवत बघायचा आणि जिथे गाल किंवा डोळा हलला तिथे तेवढीच एक फ्रेम कापून तिला Nearest द्यायचा. शेजारची खरी फ्रेम आणखी एक फ्रेम टिकते, म्हणजे पंचविसांश सेकंद. चेहरा जवळपास स्थिर असताना ती थबक कुणाला दिसत नाही. अशा फ्रेम थोड्याच असतात. त्या दहा-पंधराच्या पुढे जाऊ लागल्या तर मी त्या तुकड्याचा हट्ट सोडतो आणि ८०-९० टक्क्यांवर Frame Blend लावून मोकळा होतो. मुंडावळ्या जोरात हलत असतील तर हेच करावं लागतं.

सारखी मऊ-कडक, मऊ-कडक अशी धडधड दिसत असेल तर ती नॉइजची आहे. संध्याकाळच्या लॉन्सवर आयएसओ चढलेला असतो. खऱ्या फ्रेममध्ये दाणेदारपणा असतो, बनवलेल्या फ्रेममध्ये दोन फ्रेमची सरासरी होऊन तो कमी होतो. म्हणून मूळ क्लिपवर आधी नॉइज कमी करा, वेगळी रेंडर करा आणि त्या फाइलवर वेग कमी करा. फ्लोलाही स्वच्छ चित्रात जोड्या नीट लागतात. शेवटी सगळ्यावर हलकासा एकसारखा ग्रेन टाकला की खऱ्या आणि बनवलेल्या फ्रेम एका पोताच्या होतात.

दोष नाही, तरी खोटं वाटतं

कधीकधी एकही ठिपका वितळलेला नसतो आणि तरी बघणारा म्हणतो, ‘काहीतरी विचित्र वाटतंय.’ त्याचं म्हणणं खरं असतं. बहुतेक वेळा दोष शटरचा निघतो.

२५ फ्रेमला १/५० शटर म्हणजे दोन फ्रेममधल्या अर्ध्या वेळाचा धूसरपणा प्रत्येक फ्रेममध्ये उतरतो. वेग अर्धा केला की टाइमलाइनची एक फ्रेम प्रसंगातल्या १/५० सेकंदाएवढीच पुढे जाते. आता धूसरपणा पूर्ण फ्रेमभर पसरला, चित्र थोडं मळलेलं दिसतं, पण चालून जातं. वेग २५ टक्के केला की टाइमलाइनची एक फ्रेम प्रसंगातल्या १/१०० सेकंदाची होते आणि धूसरपणा मात्र १/५० चाच राहतो. खऱ्या १०० फ्रेमच्या कॅमेऱ्यात शटर १/१०० पेक्षा जास्त वेळ उघडं राहूच शकत नाही. असं चित्र कुठल्याही कॅमेऱ्यातून निघत नाही. हात सावकाश सरकतोय आणि तरी वेगात गेल्यासारखा फराटलेला आहे, ही विसंगती डोळा पकडतो, कारण सांगता आलं नाही तरी. यावर एडिटमध्ये इलाज नाही. फ्रेममधला फराटा किती लांब आहे बघा. वस्तूच्या रुंदीइतका लांब असेल तर त्या वस्तूला स्लो करू नका.

दुसरी खूण वळणाची. फ्लो दोन फ्रेममध्ये सरळ रेषा ओढतो. नाशिक ढोलवर हे सगळ्यात उघड दिसतं. टिपरू धरलेला हात गोलाईत फिरतो, पण स्लो केल्यावर तो कोपऱ्या-कोपऱ्याने जातो, प्रत्येक खऱ्या फ्रेमवर दिशा बदलतो. टिपरू पानाला लागतं तो क्षण तर दोन फ्रेमच्या मध्येच कुठेतरी होऊन गेलेला असतो. आधीच्या फ्रेममध्ये टिपरू खाली येतंय, नंतरच्या फ्रेममध्ये वर निघालंय, दोन्हीकडे ते पानापासून वीतभर वर. मधली फ्रेम त्या दोघांच्या मधोमध. म्हणजे स्लो मोशनमध्ये टिपरू पानाला शिवतच नाही, हवेतूनच माघारी फिरतं. ढोल वाजवणाऱ्याला हे पहिल्या नजरेत कळतं. टाळी, फुगा फुटणं, सोमेश्वरच्या धबधब्याचे तुषार, रंगपंचमीला रहाडीत उडी मारल्यावर उसळलेलं रंगाचं पाणी, हे सगळं याच जातीचं. तिथे २५ फ्रेमवरून खरा स्लो मोशन निघत नाही. पाण्याला हवाच असेल तर Frame Blend बरा. तो पाण्याला मऊ करतो, जेलीसारखं गोठवत नाही.

तपासायची माझी रीत साधी आहे. आधी नुसते चेहरे बघत एकदा पूर्ण क्लिप चालवायची. मग चेहऱ्यांकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त कडा बघायच्या: केसांची कड, बोटांमधल्या फटी, हाराच्या मागची भिंत, झेंडूच्या माळा. मागची स्थिर गोष्ट पुढच्या हलत्या गोष्टीबरोबर श्वास घेताना दिसली तर फ्लो तिथे चुकलाय. मग फोनवर बघायची, कारण टीझर शेवटी फोनवरच फिरतो. मोठ्या स्क्रीनवर दिसणारे काही दोष तिथे दिसत नाहीत आणि त्यांच्यामागे रात्र घालवायची गरज उरत नाही. शेवटी एडिट न करणाऱ्या घरातल्या कुणाला तरी दाखवायची, ‘यात काय चुकलंय’ असं न विचारता.

एडिटिंग सॉफ्टवेअर हाताशी नसेल आणि फ्लो या क्लिपवर कसा वागेल एवढंच बघायचं असेल, तर हे चालवून बघा:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "setpts=2*PTS,minterpolate=fps=25:mi_mode=mci:mc_mode=aobmc:me_mode=bidir:vsbmc=1" -an test.mp4
```

हे सावकाश चालतं, म्हणून दोन-तीन सेकंदांचाच तुकडा द्या. दर्जा रिझॉल्व्हपेक्षा कमी येतो. पण यात जिथे चित्र जास्त फाटतं तिथेच रिझॉल्व्हमध्येही बहुधा मास्क लागणार, एवढं कळतं.

पुढच्या लग्नात कॅमेरावाल्याला काय सांगायचं

पूर्ण लग्न ५० फ्रेमने शूट करायला कुणी तयार नसतं. कार्ड भरतात आणि उजेड कमी पडतो. पण मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं सुरू झालं की एका कॅमेऱ्याने ५० फ्रेम आणि १/१०० शटरवर जावं, हे आधी ठरवून घ्या. ५० ची क्लिप २५ च्या टाइमलाइनवर अर्ध्या वेगाने टाकली की एकही फ्रेम बनवावी लागत नाही. अंतरपाटाच्या १२ फ्रेमच्या जागी २५ खऱ्या फ्रेम मिळतात आणि ही सगळी मास्कची उठाठेव संपते.

१/१०० च का, तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्यावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि १/१०० मध्ये असा एक पूर्ण फेरा मावतो. १/२०० केलंत तर दाणा जास्त रेखीव येईल, पण स्वस्त एलईडीखाली आडवे पट्टे येतील. दिवसा उघड्या लॉन्सवर मात्र १/२०० खुशाल ठेवा. शटर दुप्पट जलद केल्यावर उजेड निम्मा होतो, म्हणून संध्याकाळच्या मुहूर्ताला त्या कॅमेऱ्यावर एफ १.८ सारखी उघडी लेन्स लावून ठेवायला सांगा. झूम लावलेला कॅमेरा २५ वरच राहू द्या.